पैसे कटले, ऑर्डर लागली नाही: आधी लिहायचं कोणाला?

*ताई, २७ एप्रिलला रात्री एका ऑनलाइन दुकानातून कूलर मागवला. घरी सासूबाई आजारी, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ८,६४० रुपये यूपीआयनं भरले. पिन टाकला, गोल गोल फिरत राहिलं आणि 'पेमेंट झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं आलं. खात्यातून मात्र पैसे कटले. 'माझ्या ऑर्डर्स'मध्ये काहीच नाही. दुकानवाले म्हणतात, आम्हाला पैसे आलेच नाहीत, बँकेला विचारा. बँकेत गेले तर म्हणे, आमच्याकडून व्यवहार सक्सेस आहे, दुकानाला विचारा. पेमेंट ॲपही हिरवी टिक दाखवतं. चार दिवस हेच सुरू आहे. पत्र लिहायचं तर कोणाला, आणि त्यात काय लिहायचं? दुसरा कूलर मागवू की थांबू?*

*— एक वाचक, मानेवाडा, नागपूर*

ताई, दुकान आणि बँक दोघंही तुमच्याशी खोटं बोलत नसावेत. आपापल्या पडद्यावर जे दिसतं तेच ते सांगताहेत आणि दोघांच्या पडद्यांवर वेगवेगळं दिसतंय. दुकानाचं म्हणणं बँकेपुढे आणि बँकेचं म्हणणं दुकानापुढे लेखी ठेवलं, की ही टोलवाटोलवी थांबते. फोनवर ते होत नाही. फोनवरचा माणूस बदलतो आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

त्या रात्री काय झालं असावं ते आधी समजून घेऊ, कारण पत्र कोणाला जाणार हे त्यावरच ठरतं. तुम्ही पिन टाकलात तेव्हा पैसे तुमच्या बँकेतून यूपीआयच्या वाटेनं निघाले. ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय चालवतं. ऑनलाइन दुकानाचे पैसे बहुतेक वेळा थेट दुकानाच्या खात्यात जात नाहीत. मध्ये एक कंपनी असते, तिला पेमेंट ॲग्रिगेटर किंवा साध्या बोलण्यात पेमेंट गेटवे म्हणतात. तुमचे पैसे तिच्या बँकेतल्या खात्यात जमा होतात, ती दुकानाला 'या ऑर्डरचे पैसे आले' असा निरोप पाठवते आणि तो निरोप पोचला की दुकानाच्या सिस्टीममध्ये ऑर्डर तयार होते. पैसे स्वतः दुकानाकडे मागाहून, ठरलेल्या दिवशी, इतर ऑर्डरींच्या पैशांसोबत एकगठ्ठा जातात.

दुकानाचं पेमेंटचं पान काही मिनिटंच थांबतं. तेवढ्यात निरोप आला नाही तर ते 'पेमेंट झालं नाही' असं सांगून ऑर्डर बंद करून टाकतं. बँकांकडून उत्तर यायला थोडा उशीर झाला, की पैसे ॲग्रिगेटरकडे पोचतात पण ऑर्डर तोवर मिटलेली असते. तुमच्या ॲपवर हिरवी टिक आहे आणि बँकही सक्सेस म्हणते, त्यावरून तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं. कस्टमर केअरला बसलेला मुलगा ऑर्डर नंबरनं शोधतो. ऑर्डर नाही म्हणून त्याला पैसेही दिसत नाहीत आणि तो 'आलेच नाहीत' म्हणून मोकळा होतो. त्याला ऑर्डर नंबरनं नाही, पैशांच्या नंबरनं शोधायला लावायचं आहे.

हा नंबर तुमच्या फोनमध्येच आहे. पेमेंट ॲप उघडा, व्यवहारांच्या यादीत २७ तारखेचा ८,६४० चा व्यवहार निवडा आणि पूर्ण तपशील उघडा. तिथे दोन-तीन नंबर दिसतील. एखादा लांबलचक असतो, त्यात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. तो बहुधा ॲपचा स्वतःचा नंबर असतो आणि ॲपवाल्यांशी बोलतानाच कामी येतो. तुम्हाला हवा तो निव्वळ आकड्यांचा, १२ आकडी. काही ॲपवर त्यापुढे UTR लिहिलेलं असतं, काहींवर UPI Transaction ID, काही बँका त्याला RRN म्हणतात. आता बँकेचं स्टेटमेंट उघडा. त्या दिवसाच्या नोंदीत UPI या अक्षरांनंतर तिरक्या रेघांमध्ये हाच १२ आकडी नंबर सापडेल. दोन्हीकडचा नंबर एकच आहे ना, हे आकडा आकडा लावून पाहा. पत्रात एक आकडा चुकला तर 'असा व्यवहार सापडत नाही' असं उत्तर येतं आणि आठवडा वाया जातो. शक्य असेल तर टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा.

त्याच पानावर पैसे कोणाला गेले तेही बघा. तिथे दुकानाचं नाव नसून एखाद्या अनोळखी कंपनीचं नाव असलं तर लगेच घाबरू नका. तो ॲग्रिगेटर असू शकतो किंवा दुकान चालवणाऱ्या कंपनीचं नोंदणीचं नाव असू शकतं, जे दुकानाच्या पाटीपेक्षा वेगळं असतं. @ असलेला पूर्ण यूपीआय आयडीही उतरवून घ्या, पत्रात लागेल. मात्र तिथे कंपनीऐवजी कोणा एका माणसाचं नाव असेल आणि ते दुकान तुम्हाला एखाद्या जाहिरातीतून सापडलेलं असेल, तर प्रकरण वेगळं आहे. ते दुकानच बनावट असू शकतं. मग या पत्रात वेळ घालवू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आता पत्र कोणाला, ते. ॲपवर व्यवहार फेल्ड किंवा पेंडिंग दिसत असता तर मी म्हटलं असतं, दुकानाला लिहायची गरजच नाही, ॲपमधून आणि बँकेत तक्रार टाका. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानाकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत आली पाहिजे, असं त्यात सांगितलंय. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. तुमचा व्यवहार २७ एप्रिलचा, म्हणजे ही मुदत २ मेपर्यंतची. एका माणसानं दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी हीच मुदत एका दिवसाची आहे. इंटरनेटवर हे दोन नियम हमखास एकमेकांत मिसळलेले दिसतात, म्हणून सांगितलं. तुम्ही 'एका दिवसात परत करा' असं लिहिलंत तर बँक त्या एका चुकीवरून पत्र बाजूला सारेल.

पण तुमच्याकडे हिरवी टिक आहे. पैसे समोरच्या बाजूला पोचलेले दिसत असताना बँक ते आपल्या मनानं ओढून आणू शकत नाही. म्हणून तुमचं पहिलं पत्र दुकानाला जायला हवं. फोन नाही, चॅटही नाही, ईमेल. दुकानाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क असतो. ई-कॉमर्ससाठी २०२० साली आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तो द्यावाच लागतो. या अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची, असं बंधन आहे. कस्टमर केअरचा पत्ता 'प्रति'मध्ये ठेवा आणि या अधिकाऱ्याचाही त्यातच घाला.

पत्र मी खाली लिहून देते. त्यातली तुमची माहिती तेवढी भरा. दुकान परराज्यातलं असेल तर हेच मुद्दे याच क्रमानं हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. भाषा मोडकी असली तरी चालेल, आकडे बरोबर असले पाहिजेत.

> विषय: ८,६४० रुपये जमा, ऑर्डर तयार झाली नाही. यूटीआर क्र. (१२ आकडे)
>
> महोदय,
>
> २७ एप्रिल रोजी रात्री मी आपल्या ॲपवरून (कूलरचं नाव, मॉडेल) मागवण्यासाठी यूपीआयनं ८,६४० रुपये भरले. आपल्या पानावर पेमेंट झालं नाही असं आलं आणि ऑर्डर तयार झाली नाही. माझ्या बँकेत आणि पेमेंट ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो.
>
> यूटीआर क्रमांक: (१२ आकडे)
> पैसे ज्या यूपीआय आयडीला गेले तो: (ॲपमध्ये दिसतो तसा)
> माझी बँक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे:
> आपल्याकडे नोंदवलेला माझा मोबाइल क्रमांक:
>
> कृपया ऑर्डर क्रमांकानं न शोधता वरील यूटीआर क्रमांकानं आपल्या पेमेंट गेटवेकडे तपास करावा. ही वस्तू मला आता नको आहे. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी आणि रिफंडचा संदर्भ क्रमांक कळवावा.
>
> ही रक्कम आपल्याला किंवा आपल्या पेमेंट गेटवेला मिळालेली नाही असं आपलं म्हणणं असल्यास, तसं या यूटीआर क्रमांकाचा उल्लेख करून या ईमेलवर लेखी कळवावं. ते उत्तर मी माझ्या बँकेला देणार आहे.
>
> सोबत: ॲपमधील व्यवहाराचा तपशील, बँक स्टेटमेंटमधील नोंद, 'माझ्या ऑर्डर्स' पानाचा स्क्रीनशॉट.

यातल्या दोन वाक्यांबद्दल थोडं सांगते. 'वस्तू आता नको' हे मुद्दाम घातलंय. ऑर्डर लावून द्या किंवा पैसे परत करा, असं दोन्ही लिहिलं तर काही दुकानं आठवड्यानं ऑर्डर लावून टाकतात. तोवर तुम्ही सीताबर्डीच्या बाजारातून कूलर आणलेला असतो आणि मग तो परत पाठवण्याची नवी कटकट मागे लागते. तुम्हाला अजूनही तोच कूलर त्याच भावात हवा असेल तर ते वाक्य बदलून तसं लिहा, पण दोन्हीपैकी एकच मागा.

शेवटचा परिच्छेद तर सगळ्यात कामाचा. फोनवर 'पैसे आले नाहीत' म्हणायला काही लागत नाही. यूटीआर नंबरासकट तेच लिहून द्यायचं म्हटलं, की दुकानाला गेटवेकडे खरंच बघावं लागतं. बघितलं की बहुधा पैसे सापडतात. न जुळलेल्या पैशांच्या यादीत ते पडून असतात, कारण त्यांच्या नावानं ऑर्डरच नसते. आणि खरोखर सापडले नाहीत, तर तुमच्या हातात दुकानाचं लेखी उत्तर येतं. दुकानाला पुष्टी मिळाली नाही याचा तो पुरावा, आणि रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकातला प्रसंगही नेमका तोच आहे. मग बँकेला 'दुकानाला विचारा' म्हणता येत नाही.

स्टेटमेंटचा फोटो पाठवताना शिल्लक रक्कम आणि बाकीच्या नोंदी झाका. पूर्ण खाते क्रमांक, कार्डाचा नंबर, ओटीपी, पिन यातलं काहीही कोणालाही लागत नाही. पैसे परत द्यायला समोरच्याला फक्त तो १२ आकडी नंबर पुरतो.

इथे एक फार कळकळीनं सांगायचंय, कारण तुमच्यासारख्या अडकलेल्या माणसांवरच टोळ्या टपून असतात. दुकानाचा किंवा ॲपचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका. तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. फोन लावला की गोड बोलणारा माणूस 'रिफंड पाठवतो, त्यासाठी पिन टाका' म्हणतो, किंवा स्क्रीन दिसावी म्हणून एखादं ॲप डाउनलोड करायला लावतो. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आत 'मदत' विभागात दिसतो तोच. समाजमाध्यमांवर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिलीत तर तिथेही अशी बनावट खाती लगेच 'मदतीला' येतात. तुमचा मोबाइल नंबर किंवा यूटीआर तिथे उघड्यावर टाकू नका.

दुकानाला ईमेल गेला की त्याच दिवशी पेमेंट ॲपमध्येही तक्रार टाकून ठेवा. त्या व्यवहारावरच मदतीचं किंवा तक्रारीचं बटण असतं. यादीतून दुकानाला पैसे दिले पण पुष्टी मिळाली नाही, या अर्थाचा पर्याय निवडा. चुकून 'चुकीच्या माणसाला पैसे गेले' निवडलंत तर तक्रार भलत्याच वाटेला लागते आणि बंद होते. तक्रार क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा. ॲप स्वतः पैसे परत देत नाही, पैसे बँकांमध्येच फिरतात. पण ही तक्रार बँकांच्या यंत्रणेपर्यंत जाते आणि तारखेची नोंद राहते. पुढे ती नोंद लागते.

बँकेत तुम्ही समक्ष गेलात, पण लेखी काही दिलं नाहीत असं पत्रावरून वाटतं. काउंटरवर बोललेलं कुठेच उमटत नाही. बँकेच्या ॲपमधून किंवा ईमेलनं तक्रार करा, किंवा शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात 'माझे पैसे परत द्या' एवढंच न लिहिता तीन गोष्टी विचारा. या यूटीआरचे पैसे समोरच्या बँकेत जमा झाले का, कधी आणि कोणत्या बँकेत? न झाले असतील तर ते कधी परत येतील? आणि दुकानाकडे पुष्टी पोचलेली नाही, तेव्हा २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांनंतरची भरपाई लागू होते का, आणि होत नसेल तर कारण काय? पैसे जमा झाल्याचं बँकेनं लेखी दिलं की तोच कागद दुकानाच्या त्याच ईमेलच्या उत्तरात जोडा. नवा ईमेल लिहू नका. सगळं एकाखाली एक राहिलं तर पुढे कोणालाही एका नजरेत कळतं.

भरपाईचं मी प्रश्न म्हणून विचारायला सांगितलं, त्याला कारण आहे. पैसे ॲग्रिगेटरकडे वेळेत पोचले होते आणि चूक दुकानाच्या सिस्टीमची होती असं निघालं, तर बँक म्हणेल आमच्याकडून व्यवहार अयशस्वी झालाच नाही. तिच्या बाजूनं ते बरोबरही असू शकतं. त्या १०० रुपयांवर अडून मूळ ८,६४० लांबवू नका.

दुकानाकडून येणाऱ्या उत्तरांपैकी एकाला भुलू नका: 'पैसे आमच्या वॉलेटमध्ये जमा करतो, लगेच मिळतील.' रिझर्व्ह बँकेनं पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी केलेल्या नियमांत रिफंड ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं द्यायचा आहे. ग्राहकानं स्वतः होकार दिला तरच दुसरीकडे देता येतो. वॉलेटला तुम्ही हो म्हणालात की ते पैसे बहुतेकदा त्या दुकानातच खर्च करावे लागतात. तेव्हा सरळ लिहा: मूळ खात्यातच हवेत.

'रिफंड केला, पाच-सात कामकाजाच्या दिवसांत येईल' हे दुसरं नेहमीचं उत्तर. ते खरं असू शकतं, पण रिफंडचा संदर्भ क्रमांक मागितल्याशिवाय ईमेल मिटवू नका. रिफंडला मूळ व्यवहारापेक्षा वेगळा नंबर असतो. स्टेटमेंटमध्ये जुनी वजा नोंद पुसली जात नाही, ८,६४० ची नवी जमा नोंद येते. तीच शोधा, आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्या खात्यात शोधा. एका ॲपला दोन खाती जोडलेली असली की माणसं पगाराच्या खात्यात रिफंड शोधत बसतात आणि तो दुसऱ्या खात्यात कधीचा येऊन पडलेला असतो. सांगितलेली मुदत संपूनही जमा दिसली नाही, तर रिफंडचा नंबर घेऊन बँकेत जा. तो नंबर हातात असला की बँकेला शोधणं सोपं जातं.

आता कूलर. सासूबाईंसाठी थांबू नका, पण त्याच दुकानातून त्याच पानावर पुन्हा पैसे भरू नका. घाईनं दोनदा भरले की कधी दोन्ही पेमेंट लागतात आणि मग कोणता व्यवहार कोणत्या ऑर्डरचा, हा नवा घोळ होतो. सीताबर्डीत किंवा तुमच्या मानेवाड्यातच दुकानात जाऊन घ्या, किंवा ऑनलाइनच हवा असेल तर दुसऱ्या दुकानातून, पोचल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. आणि घेतलात की अडकलेल्या व्यवहारात 'ऑर्डर लावा' हा पर्याय सोडून द्या, वर म्हटल्याप्रमाणे फक्त रिफंडच मागा.

दुकानानं ४८ तासांत पोचही दिली नाही, किंवा नुसतं 'तपास सुरू आहे' म्हणत राहिलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. consumerhelpline.gov.in वरही तक्रार टाकता येते आणि तुमचा ईमेल-व्यवहार जोडता येतो. हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत एवढ्यानं बऱ्याचदा काम होतं. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते, दुकान बेंगळुरूचं असो की गुरुग्रामचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

बँकेचा मार्ग वेगळा. बँकेनं तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत उन्हात जायची गरज नाही. तक्रारी ऑनलाइन घेतल्या जातात आणि कागदी पत्रंही एकाच ठिकाणी, चंदीगडच्या केंद्रात जमा होतात. अर्ज भरताना अडलं तर १४४४८ वर विचारता येतं. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल दारातूनच परत पाठवतो. शाखेतल्या त्या शिक्क्याचा आग्रह मी त्यासाठीच धरला. आणि दुकानाविरुद्धची तक्रार लोकपालाकडे चालत नाही, तो बँका आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांपुरता आहे.

तुमच्या प्रकरणात गोष्ट तिथवर जाईल असं मला वाटत नाही. बँकेत आणि ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतोय, म्हणजे पैसे कुठे पोचले ते शोधता येण्याजोगं आहे. आज दुकानाला ईमेल आणि ॲपमध्ये तक्रार, उद्या बँकेत अर्ज, एवढं करा. दुकानाचं उत्तर आलं की ते वाचून लगेच बँकेकडे पाठवा. आणि रिफंड जमा झाला की ॲप आणि बँक दोन्हीकडची तक्रार, रिफंडचा नंबर टाकून, स्वतः बंद करा. तशीच उघडी राहिली आणि बँकेकडूनही पैसे आले, तर ते नंतर तुमच्या खात्यातून परत वळते होतील आणि हिशेबाचा घोळ नव्यानं सुरू होईल.